पाकिटावरचे ‘प्लस एफ’ चिन्ह आणि शाकाहाऱ्यांचे बी-१२

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पोषणमूल्ये वाढवलेल्या पदार्थांच्या पाकिटावर निळ्या रंगातले ‘प्लस एफ’ चिन्ह दिसले की त्यात बी-१२ असणारच, असा समज आमच्या दादरच्या इमारतीतील अनेक शाकाहारी कुटुंबांत रुजला आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. ते चिन्ह असलेल्या दुधात अ आणि ड ही जीवनसत्त्वे मिसळलेली असतात, बी-१२ नव्हे. गव्हाच्या पिठात बी-१२ घालतात, पण नियमानुसार किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम एवढेच. चार पोळ्यांना साधारण १२० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे त्यांतून फार तर ०.१५ मायक्रोग्रॅम मिळते. प्रौढांची रोजची गरज मात्र २.२ मायक्रोग्रॅम आहे.

आमच्या शेजारच्या काकू अंडेही खात नाहीत. दिवसभरात दोन कप चहातले मिळून शंभर मिली दूध आणि दुपारी वाटीभर दही, एवढेच त्यांच्या पोटात जाई. शंभर मिली दुधात बी-१२ सुमारे ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असते, तेव्हा त्यांची निम्मी गरजही भागत नव्हती. आता सकाळी पेलाभर दूध आणि रात्रीच्या जेवणात आणखी एक वाटी दही वाढवल्यावर हिशेब दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास येतो. दूध मात्र एकदाच तापवावे, कारण पुन्हा पुन्हा उकळल्याने हे जीवनसत्त्व घटते.

कॅल्शियमची गोष्ट तुलनेने सोपी आहे. रोजच्या हजार मिलिग्रॅमपैकी निम्मे या दूध-दह्यातूनच मिळते. नाचणीच्या दोन लहान भाकऱ्यांतून दोनशेच्या वर आणि न सोललेल्या तिळाच्या दोन चमचे चटणीतून शंभरच्या वर भर पडते. पालकावर मात्र विसंबू नये, कारण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातले कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही.

जे दूधही घेत नाहीत त्यांनी सोया दूध घेताना मागच्या तक्त्यात बी-१२ आणि कॅल्शियम हे दोन्ही आकडे छापलेले आहेत का ते पाहावे आणि खोका नीट हलवून मगच ओतावे, कारण मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते. इडलीचे आंबवलेले पीठ किंवा स्पिरुलिना यांवर बी-१२ साठी भरवसा ठेवू नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा दीर्घकाळ आम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांना, तसेच उतारवयात, पुरेसे खाऊनही ते कमी पडू शकते. तळपायांना मुंग्या येत असतील, जीभ लाल होऊन हुळहुळत असेल, तर केवळ हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून स्वस्थ बसू नये. आहारातल्या भरपूर फॉलिक आम्लामुळे रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी मात्र चालूच राहते, म्हणून बी-१२ ची स्वतंत्र तपासणी करून गोळी किंवा इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला, त्या चिन्हाशेजारीच, कोणते जीवनसत्त्व किती मिसळले आहे हे ठळक मराठीत छापणे बंधनकारक व्हावे, अशी माझी मागणी आहे. आपण ती आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई