अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात, फायदा कोणाच्या खिशात?

संपादक महोदय,

दूध अनुदान 5 वरून 7 रुपये झाले, तर शेतकऱ्याला लिटरमागे 2 रुपये जास्त मिळतील असे कोणालाही वाटेल. 2024 मध्ये तसे झाले नाही. जुलैपासून 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या गायीच्या दुधाला दूध संघांनी 30 आणि सरकारने 5 रुपये द्यायचे ठरले होते. ऑक्टोबरपासून हेच 28 आणि 7 झाले. बेरीज दोन्ही वेळा 35च. वाढीव 2 रुपये शेतकऱ्याच्या खात्यात आले खरे, पण तेवढेच खरेदीदाराचे वाचले.

पैसे कोणाच्या खात्यात पडतात यावर वाटा ठरत नाही. दर हलला की कोण किती हलतो, यावर ठरतो. समजा, एका भागात 30 रुपये दराला रोज 1000 लिटर दूध येते आणि तेवढेच उचलले जाते. दर रुपयाने वाढला तर शेतकरी फक्त 10 लिटर जास्त घालतात, कारण गाय एका रात्रीत जास्त दूध देत नाही. दर रुपयाने उतरला तर संघ 30 लिटर जास्त उचलतात. आता लिटरमागे 4 रुपये अनुदान द्या. संघाचा दर 29 वर येतो, शेतकऱ्याला एकूण 33 मिळतात आणि दूध 1030 लिटर होते. म्हणजे 4 पैकी 3 रुपये शेतकऱ्याचे, 1 संघाचा. जो कमी हलतो त्याला जास्त मिळते.

दोन-तीन वर्षांत कालवडी व्यायल्या, गोठे वाढले, की आकडे उलटू शकतात. शेतकरी 30 लिटरने आणि संघ 10 लिटरने हलू लागले, तर त्याच 4 रुपयांतला 1 शेतकऱ्याचा आणि 3 संघाचे.

हे सगळे खरेदीदारांत चुरस असेल तरच. गावात एक-दोनच संकलन केंद्रे असतील आणि दूध संध्याकाळपर्यंत टिकवायचीही सोय नसेल, तर 35 हाती पडले की शेतकरी दूध घालणारच, हे खरेदीदार ओळखून असतो. मग अनुदान वाढेल तेवढा तो आपला दर उतरवतो. इथे तर योजनेनेच संघांचा दर 28 वर आणून ठेवला!

दूध पावडरीचे भाव पडल्याने दर असाही उतरला असता, हा युक्तिवाद निव्वळ खोटा म्हणता येणार नाही. म्हणून अनुदान जाहीर करताना त्याच दिवसाचा पावडरीचा आणि लोण्याचा भाव सरकारने शेजारी छापावा. 2 रुपयांची घट बाजाराची की अनुदानाची, ते तिथेच दिसेल.

आणि ज्याच्या गायीच्या कानात टॅग नव्हता, त्याला अनुदानाचा एक पैसाही मिळत नव्हता. जुलैत 30 मिळालेल्या त्याच दुधाला ऑक्टोबरात त्याच्या हातात 28च पडायचे.

— एक वाचक, संगमनेर