भाडे गर्दीने वाढले की डिझेलने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या महागाईवरची आपली बातमी वाचली. झेंडू, मिठाई, बसचे तिकीट आणि डिझेल ही सगळी दरवाढ तिथे एकाच दावणीला बांधली आहे. गिऱ्हाईक वाढल्याने भाव चढले तर अर्थशास्त्र त्याला मागणीजन्य चलनवाढ म्हणते, आणि माल किंवा सेवा पुरवण्याचा खर्च वाढल्याने चढले तर खर्चजन्य. दोन्हींमुळे खिसा सारखाच रिकामा होत असला तरी कारणे वेगळी आहेत आणि उपायही. एसटीच्या तिकिटावर हा फरक चांगला दिसतो, कारण एसटीने दोन्ही प्रकारची भाडेवाढ केलेली आहे.

ऑक्टोबर 2021 च्या शेवटी एसटीने भाडे 17.17 टक्क्यांनी वाढवले. डिझेलने तेव्हा मुंबईत शंभरी ओलांडली होती, टायर आणि सुटे भागही महागले होते. दिवाळी आठवड्यावर आली होती, त्यामुळे अनेकांना ती नेहमीची दिवाळीची वाढ वाटली. (लगेच संप सुरू झाला आणि नव्या दराने तिकीट काढायला गाड्याच उरल्या नाहीत, ते सोडा.) पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2022 मध्ये, दिवाळीपुरती 10 टक्के हंगामी वाढ झाली आणि सुट्ट्या संपताच ती गेली. 2021 ची वाढ मात्र कायम राहिली.

आता थोडा हिशेब करू. गाडी लिटरला साडेचार किलोमीटर धावते असे धरले, तर 100 किलोमीटरला साधारण 22 लिटर डिझेल लागते. डिझेल 20 रुपयांनी चढले की या अंतराचा खर्च 440 रुपयांनी वाढतो. गाडीत 40 प्रवासी असतील तर माणशी 11 रुपये पडतात, 20 असतील तर 22. खर्चजन्य महागाईचा खरा त्रास इथे आहे. भाडे वाढले की काही प्रवासी वडापकडे वळतात, काही जाणेच टाळतात. गाडी आणखी रिकामी धावते आणि उरलेल्यांवरचा बोजा वाढतो. किंमत वर आणि विक्री खाली, अशी ही जोडी असते.

दिवाळीत नेमके उलटे होते. पुण्याहून विदर्भ-मराठवाड्याकडे निघालेली गाडी खचाखच भरलेली असते, म्हणजे माणशी डिझेलचा खर्च वर्षातला सर्वांत कमी. परतीची फेरी रिकामी येते हे खरे, पण ते धरूनही भाडे चढण्याचे मुख्य कारण डिझेल नसते. जागा तेवढ्याच, जाणारे कितीतरी जास्त आणि हातात बोनसचे पैसे. अर्थात एकटे तिकीट महागले म्हणजे चलनवाढ झाली असे नाही. बोनसचा तोच पैसा एकाच पंधरवड्यात कापड, सोने, खवा, फुले, मोबाइल या सगळ्यांकडे धावतो आणि माल तेवढ्या वेगाने वाढत नाही, तेव्हा मागणीजन्य महागाई म्हणावी. इथे किंमत आणि विक्री दोन्ही वर जातात.

उपायांचा घोळ इथूनच सुरू होतो. 22 मार्च ते 6 एप्रिल 2022 या काळात पेट्रोल-डिझेल टप्प्याटप्प्याने लिटरमागे 10 रुपयांनी वाढले. एप्रिलचा किरकोळ महागाई दर 7.79 टक्क्यांवर गेला. 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 वरून 4.40 टक्के केला. कर्ज महाग झाले की गाडी, घर, फ्रिज घेणारा हात आखडतो आणि मागणी थंडावते. पण पंपावरचे डिझेल त्याने पैशानेही उतरत नाही. ते उतरले 22 मे रोजी, केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क 6 रुपयांनी कमी केल्यावर. मग रिझर्व्ह बँकेचे चुकले का? माझ्या मते नाही. इंधनाची झळ एकदा पगारवाढीच्या मागणीत आणि दुकानदाराच्या अंदाजात शिरली की ती तिथेच मुक्काम करते, आणि रेपो दर वाढवून तोच मुक्काम रोखायचा असतो. मात्र याची किंमत डिझेलशी संबंध नसलेला गृहकर्जदार हप्त्यातून मोजतो, हेही बातमीत यायला हवे.

दोन्ही कारणे एकत्र आली की वेगळी काढणे अवघड जाते, 2021 ची दिवाळी तशीच होती. म्हणून एक विनंती. भाव छापताना शेजारी बाजार समितीतील आवक आणि विकला गेलेला माल हेही आकडे द्यावेत, आणि भाऊबीजेनंतर दोन आठवड्यांनी त्याच वस्तूंचे भाव पुन्हा छापावेत. जे उतरले ते गर्दीचे होते. जे तसेच राहिले, त्यांच्याबद्दल मंत्रालयाला आणि तेल कंपन्यांना प्रश्न विचारावेत.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक रोड