हिंदू वारसा कायदा लागू नाही, म्हणून लेकही वारस नाही? महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : अनुसूचित जमातीच्या मयत खातेदाराच्या वारस नोंदीतून मुलीचे नाव कमी केल्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली. मेलेल्या माणसांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेल्या सातबाऱ्यांवर हयात वारसांची नावं लावायची, हा निर्णय चांगला होता. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांनी चावडी वाचन केलं, मयत खातेदारांच्या याद्या केल्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलांचा दाखला गोळा केला. इथवर आपले आभार.

आता तक्रार. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका कातकरी कुटुंबाचा फेरफार गेल्या महिन्यात मंजूर झाला. खातेदार मयत, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. क्षेत्र १ हेक्टर २० आर. अर्जात चार वारस होते, मंजूर फेरफारात तीन उरले. मुलीच्या नावापुढचा शेरा असा : ‘खातेदार अनुसूचित जमातीचे असल्याने हिंदू वारसा कायदा लागू होत नाही, सबब विवाहित मुलीचे नाव कमी केले.’

या एका ओळीत दोन विधानं आहेत. पहिलं बरोबर आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) सांगतं की, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना लागू नाही. हे कलम माणसाच्या जमातीला चिकटलेलं आहे, गावाला नाही. सातारा आणि सांगलीत पाचव्या अनुसूचीचं एकही गाव नाही, म्हणून इथे आदिवासी ग्रामसभांचा ‘पेसा’ कायदा नाही. तरीही इथल्या कातकऱ्याला, महादेव कोळ्याला, सांगलीकडच्या फासेपारध्याला कलम २(२) लागू आहे. हे आमच्याकडच्या निम्म्या कार्यालयांना माहीत नव्हतं. आता माहीत झालं, आणि नेमकं मुलीचं नाव खोडायला.

दुसरं विधान मात्र कायद्यात कुठेच नाही. हिंदू वारसा कायदा लागू नाही, एवढ्यावरून मुलीला हक्क नाही हे निघत नाही. त्यातून फक्त इतकंच निघतं की उत्तर दुसरीकडे शोधायचं आहे. ते शोधतात जमातीच्या रिवाजात. रिवाजही सापडला नाही, तर काय करायचं ते जुन्या मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनच्या कलम २६ ने क्रमाने सांगून ठेवलं आहे : आधी कायदा, मग देशरिवाज, मग प्रतिवादीचा कायदा, आणि यातलं काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेकबुद्धी. कंपनी सरकारच्या साहेबाला जे सुचलं होतं, ते दोनशे वर्षांनी संगणकावर फेरफार टाकणाऱ्याला सुचू नये?

मंडळ अधिकाऱ्यांच्या तर्काची गंमत पुढे आहे. फेरफारात विधवेचं नाव मुलांच्या बरोबरीने सामाईक लागलं आहे. उद्या जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी पडली तर आई आणि दोन मुलगे असे ४०-४०-४० आर होतील. विधवेला मुलाइतका हिस्सा द्यायचा हे अधिकाऱ्यांनी कुठून आणलं? रिवाज विचारला होता का? नाही. चौकशीच्या कागदात रिवाज हा शब्दसुद्धा नाही. ते आणलं हिंदू वारसा कायद्यातूनच. म्हणजे आईसाठी कायदा लागू, लेकीसाठी गैरलागू, एकाच कागदावर, एकाच सहीने. लागू धरला असता तर चौघांना ३०-३० आर आले असते.

शिवाय त्याच सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कलम ३६-अ चा शेराच नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जाऊ नये, म्हणून १९७४ च्या दुरुस्तीने हे कलम जमीन महसूल संहितेत आलं. तो शेरा मारायला सांगितलं की जातीचा दाखला आणा म्हणतात, आणि दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. मुलीचं नाव कमी करताना मात्र कुणी दाखला मागितला नाही. हक्क द्यायला दाखला लागतो, हक्क काढून घ्यायला आडनाव पुरतं.

आता रिवाजाचं बघू, कारण सगळं तिथेच अडतं. ‘आमच्यात मुलींना जमीन देत नाहीत’ असं चावडीवर कुणी म्हटलं म्हणून तो रिवाज होत नाही. रिवाज जुना, निश्चित, अखंड आणि वाजवी असावा लागतो, आणि जो त्याचा आधार घेतो त्याने तो सिद्ध करायचा असतो. हरकत घेणाऱ्याने लेखी सांगायला हवं की रिवाज कुठल्या जमातीचा, कुठल्या गावांत, आणि कधी पाळला गेला. पुराव्याला त्याच भावकीचे जुने फेरफार काढायचे, गाव नमुना ६ च्या जुन्या नोंदवह्या अभिलेख कक्षात असतात. नमुना ६-क म्हणजे वारसांची नोंदवही तपासायची. मुली हयात असूनही त्यांची नावं गाळली गेली आणि त्यांनी कधी मागितली नाहीत, असे दोन-तीन पिढ्यांचे दाखले निघाले, तर रिवाजाची चर्चा तरी सुरू होईल.

आणि नेमकं काय पाहायचं हे माहीत असलं, तर बहुतेक वेळा उलटाच पुरावा हाती लागतो. या प्रकरणात मुलांनी स्वतःच जोडलेल्या जुन्या फेरफारात त्यांच्या आत्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे. जिला हक्कच नव्हता तिच्याकडून हक्क सोडून कशाला घेतला? हक्कसोड हा मुलीला वगळण्याच्या रिवाजाविरुद्धचा भक्कम पुरावा आहे. तो कागद फाइलमध्ये होता. कुणी उलटून पाहिला नाही.

हे आमचं मत नाही. १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात हेच सांगितलं. खालच्या न्यायालयांनी मुलीच्या वारसांना विचारलं होतं की, मुलींना हिस्सा देण्याचा रिवाज दाखवा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रश्नच उलटा विचारला. वगळण्याचा रिवाज सिद्ध झालेला नाही, आणि केवळ स्त्री म्हणून नाकारणं हे समानतेच्या विरुद्ध आहे. त्या घरात वाटणी नाकारली होती १९९२ साली. तेहतीस वर्षं! ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचलच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कलम २(२) अजून जिवंत आहे, हेही बजावलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की वाट स्वच्छ दिसते : हिंदू वारसा कायदा लावू नका, पण वगळण्याचा रिवाजही गृहीत धरू नका.

आम्ही हे समजावून सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘वाद आहे, कोर्टातून वारस दाखला आणा.’ तो दाखला दिवाणी न्यायालय १८२७ च्याच आठव्या रेग्युलेशनखाली देतं : अर्ज, जाहीरनामा, हरकतींसाठी मुदत, वकील, वर्तमानपत्रातली नोटीस. ३० आर वरकस जमिनीसाठी हा खर्च परवडतो का, ते आपणच सांगा. आमच्या हिशोबाने, तो अंदाजाचाच आहे, तालुक्याचे आठ हेलपाटे, एसटी आणि बुडालेली मजुरी धरून, वकिलाच्या आधीच पाच हजार जातात. आणि वाद होता, तर महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हरकत विवादग्रस्त नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये, घेऊन सुनावणी लावायची होती. मुलीला नोटीस नाही, सुनावणी नाही, थेट नाव कमी. पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागली म्हणतात. ती सासरी, दोन डोंगर पलीकडे.

एक भीती जमातीतूनच सांगितली जाते, ती खोटी नाही. मुलगी बिगर आदिवासीशी लग्न करून गेली तर जमीन बाहेर जाईल. लग्नाने तिची जमात बदलत नाही, त्यामुळे तिच्या नावावर जमीन असेपर्यंत ती आदिवासीचीच. तिला ती बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकता किंवा बक्षीस देता येणार नाही, तिथे ३६-अ आड येतं. खरी फट तिच्या मृत्यूनंतर आहे : नवरा किंवा मुलं बिगर आदिवासी ठरली तर वारसाने जाणारी जमीन ‘हस्तांतर’ धरायची का, हे कलमात स्वच्छ लिहिलेलं नाही. तर ती फट बुजवा, विधिमंडळ आपलंच आहे. पण पुढच्या पिढीच्या भीतीने या पिढीच्या मुलीला आजच खोडायचं, हा कुठला बंदोबस्त?

वनहक्काच्या पट्ट्यांचंही हेच होणार आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे पट्टा नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने असतो, विकता येत नाही, वारसाने जातो, आणि ‘थेट वारस’ नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडे जातो. थेट वारस म्हणजे कोण, याची व्याख्या नाही. पहिल्या पिढीचे पट्टेदार आता जायला लागलेत. तिथेही तीच सही, तोच शेरा येईल.

आणि दिल्लीचं काय सांगावं! कलम २(२) मध्ये कायदा बदलायची अट नाही, एक अधिसूचना पुरते. १९५६ पासून ती निघाली नाही. ९ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला याचा विचार करा म्हणून सांगितलं. समान नागरी कायदा आणल्याचा डंका पिटणाऱ्या उत्तराखंडनेही त्यातून अनुसूचित जमाती वगळल्याच. जमातीची संस्कृती जपायची म्हणतात. मग तिचा वारसा रिवाज कुणी लिहून तरी घेतला? एलफिन्स्टनच्या राज्यात आर्थर स्टीलने दख्खनच्या जातींचे रिवाज गोळा करून १८२७ ला छापले. आपल्या राज्यात कातकरी हा केंद्राने मान्य केलेल्या तीन असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, आणि चावडीवर त्याचा रिवाज म्हणजे मंडळ अधिकाऱ्याला वाटेल तो. साताऱ्यात जनगणनेप्रमाणे अनुसूचित जमाती जेमतेम एक टक्का. एक टक्क्याला कोण विचारतो, मतं तरी किती?

दिल्लीची वाट पाहायला आम्हाला वेळ नाही. आपल्या अधिकारातलं मागतो. एक परिपत्रक काढा : अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या वारस नोंदीत विधवा, मुलगे, मुली सगळ्यांची नावं लावावीत. वगळण्याचा रिवाज सांगणाऱ्याने तो लेखी, पुराव्यासह मांडावा. मुलीला तिच्या सासरच्या पत्त्यावर नोटीस जावी. आणि अशा प्रत्येक सातबाऱ्यावर ३६-अ चा शेरा त्याच फेरफाराबरोबर घ्यावा. बस्स. फेरफाराने मालकी ठरत नाही हे आम्हालाही कळतं, पण कलम १५७ प्रमाणे नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. खत, पीक विमा, भूसंपादनाची भरपाई सगळं त्याच नोंदीवर चालतं. नाव गेलं की पुरावा द्यायचं ओझं तिच्याच डोक्यावर.

फेरफाराची नक्कल आणि आत्याचं हक्कसोडपत्र सोबत जोडत आहोत. प्रांतांकडे अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे. आज तेहतिसावा दिवस.

आपले,
सातारा जिल्ह्यातील आदिवासी खातेदारांचे कागद पाहणारे काही नागरिक