विनू, ते गुणसूत्र मधेच राहिलं

नागपूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय विनू,

सात महिने झाले तुला पत्र नाही. तुझा दिवाळीचा निरोप आला, मी "लिहितो" म्हटलं आणि नाही लिहिलं. त्याबद्दल तुझ्या शिव्या मान्य. प्रकृती ठीक. शुगर गोळीवर आहे, गुडघा जिना उतरताना बोलतो. सुमन बरी आहे. उन्हाळा यंदा लवकर आला, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कालच बदलल्या.

आता खरं सांगतो. गुरुवारी प्रॅक्टिकलला असं काही झालं, की घरी कुणाला सांगून उपयोग नाही आणि स्टाफरूममध्ये सांगायची इच्छा नाही. हे तुलाच कळेल. शहाण्णव साली चहाच्या टपरीवर आपण ज्यावरून तीन दिवस बोलणं टाकलं होतं, तेच हे प्रकरण आहे.

कांद्याच्या मुळांचं स्क्वॅश होतं. या वर्षी मी पोरांकडून थोडं जास्त करून घेतलं. काही कांदे 0.05 टक्के कोल्चिसीनमध्ये ठेवले, मग धुऊन परत साध्या पाण्यात ठेवले, की गुणसूत्रं ओढणाऱ्या नलिकांचा स्पिंडल पुन्हा कसा उभा राहतो ते दिसावं. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे, रोज वर्ध्याहून गाडीने येते, फार नेटकं काम करते. तिने मला बोलावलं. ॲनाफेज होता. दोन्ही बाजूंना गुणसूत्रांचे झुपके सरकलेले, आणि बरोबर मधे एक एकटंच उरलेलं. तिने विचारलं, "सर, तुम्हीच सांगितलं ना, की सगळी गुणसूत्रं नीट जोडली गेल्याशिवाय पेशी पुढे जात नाही. मग हे कसं सुटलं?"

मी म्हटलं, "चेकपॉइंट फेल झाला." तिने ते वहीत लिहिलं. वर्गातल्या बाकीच्यांनीही लिहिलं.

घरी येईपर्यंत डोक्यात काही नव्हतं. रात्री अडीचला उठून बसलो. विनू, चेकपॉइंट फेल झालाच नव्हता. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. जे तो बघतच नाही, तेच तिथे बिघडलं होतं. आणि हे उत्तर मी किती वर्षं देत आलोय, ते मोजायची हिंमत होत नाही.

तुला आठवतं, आपलं भांडण नेमकं काय होतं? तुझ्याकडे निकलसचा मँटिसचा पेपर होता, माझ्याकडे रीडरचा लेझरचा. दोन्ही 1995 चे. तू म्हणायचास, पेशी ताण बघते. मँटिस किड्याच्या नराच्या पेशीत एखादं एक्स गुणसूत्र जोडीशिवाय राहिलं, की ते एकाच ध्रुवाला बांधलं जातं. समोरून ओढणारं कुणी नाही, म्हणून ताण नाही, आणि पेशी तासन्‌तास थांबून राहते. निकलसने बारीक काचेच्या सुईने त्या गुणसूत्राला उलट्या दिशेने ओढून धरलं, आणि सुमारे तासाभराने ॲनाफेज सुरू झाला. सुई म्हणजे निव्वळ ओढ, दुसरं काही नाही. तू टेबलावर हात आपटून सांगितलंस, "आता बोल!"

मी बोललो. रीडरने पोटोरू या प्राण्याच्या पेशी घेतल्या, त्यातली गुणसूत्रं मोठी आणि मोजकी. एकच गुणसूत्र उरलं होतं, एका बाजूने बांधलेलं, दुसऱ्या बाजूचा कायनेटोकोर, म्हणजे नलिका बांधायची जागा, मोकळा. त्याने तो मोकळा कायनेटोकोर लेझरने जाळला. आता त्या गुणसूत्रावर ताण येणं शक्यच नाही, समोरची दोरी बांधायला जागाच उरली नाही. तरी सरासरी सतरा मिनिटांत पेशी ॲनाफेजमध्ये गेली. म्हणजे पेशी अडून बसली होती ती त्या एका मोकळ्या जागेपायी. ती गेली, पेशी सुटली. तू म्हणालास, "लेका, जाळल्यावर काहीही होईल." आणि उठून गेलास. पैसे मीच दिले होते, तेही लक्षात आहे.

शुक्रवारी मी त्या मुलीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, काल मी चुकीचं सांगितलं, वहीतलं खोड. मग फळ्यावर पहिल्यापासून काढलं. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन प्रती चिकटलेल्या, म्हणजे ब्याण्णव कायनेटोकोर. एकेकावर साधारण वीस सूक्ष्मनलिका येऊन बसतात. एनडीसी80 नावाचं लांबट प्रथिन-संकुल त्यांना पकडतं. जोवर कायनेटोकोर मोकळा असतो, तोवर त्यावर मॅड1 आणि मॅड2 जमतात. तिथे मॅड2 चा आकार बदलतो आणि ते सीडीसी20 ला धरून ठेवतं. त्यात बबआर1 आणि बब3 येऊन मिळतात, आणि हे गाठोडं साऱ्या पेशीभर फिरतं. पुढे जायला सीडीसी20 मोकळं हवं. ते मोकळं झालं तरच एपीसी हे संकुल सिक्युरिन नष्ट करणार, सेपरेज सुटणार आणि दोन प्रतींना बांधणारं कोहेसिन कापलं जाणार. एक मोकळा कायनेटोकोर पुरतो, सगळी पेशी थांबते. सगळे कायनेटोकोर भरले, की "थांबा" हा निरोप तयार होणंच बंद होतं. "निघा" असं वेगळं कुणी सांगत नाही.

तिने लगेच विचारलं, "म्हणजे गुणसूत्रं मधल्या रेषेवर आली का, हे कुणी बघतच नाही?" नाही बघत. मी मात्र इतकी वर्षं "सगळी रांगेत उभी राहिली की" असंच म्हणत होतो. रांग हा परिणाम आहे.

रामटेकची सहल आठव. दोन बस, आणि बंड्या. हजेरी कुणी घेतलीच नव्हती, ज्याला जागा नाही तो ओरडत होता, "थांबा, थांबा!" ओरडणं बंद झालं, बस सुटल्या. बंड्याला जागा होती, म्हणून तो ओरडला नाही. पण तो पहिल्या बसमध्ये आणि त्याची वळकटी दुसऱ्या बसमध्ये. मनसरच्या फाट्यावर कळलं. बाप्पा, काय चेहरा होता त्याचा! त्या मुलीला हे सांगितलं, तर ती खूप हसली आणि म्हणाली, "सर, मग ते गुणसूत्रही दोन बसमध्ये होतं."

हेच, विनू. अगदी हेच. एका कायनेटोकोरवर येणाऱ्या नलिकांपैकी काही डाव्या ध्रुवाकडच्या, काही उजव्या. मेरोटेलिक जोडणी. जागा भरलेली, म्हणून मॅड2 जमत नाही. दोन्हीकडून ओढ आहे, म्हणून तुझा ताणही थोडाफार आहे. चेकपॉइंटच्या दृष्टीने तक्रारच नाही. ॲनाफेज सुरू होतो, आणि ते गुणसूत्र दोन्हीकडून ओढलं जात मधे अडकतं. सस्तन पेशींत स्पिंडल मोडणारं औषध धुऊन काढलं, की अशा चुकीच्या जोडण्या वाढतात, हे दाखवलेलं आहे. नव्याने वाढणाऱ्या नलिका जिथे कायनेटोकोर सापडेल तिथे बसतात, आणि ध्रुव नीट दोन बाजूंना गेले नसतील तर घोळ होतो. म्हणजे आम्ही कांद्याला कोल्चिसीन देऊन बहुतेक तोच घोळ घडवून आणला.

बहुतेक म्हणतो, कारण मधे राहिलेलं प्रत्येक गुणसूत्र तसलं नसतं. तुटलेला तुकडा असेल, ज्यात सेंट्रोमियरच नाही, तर त्याला कुणीच ओढत नाही, तो सैल पडून राहतो. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघं तीच स्लाइड घेऊन बसलो. शंभरच्या ऑइल लेन्सखाली, झडप बंद करून, फोकस केसाएवढा इकडे-तिकडे हलवत. त्या गुणसूत्राची कमरेची जागा, म्हणजे सेंट्रोमियर, स्पष्ट दिसत होती. आणि ती गोल नव्हती, दोन्ही ध्रुवांच्या दिशेने ताणलेली होती, ओल्या कणकेचा गोळा दोन बोटांत धरून ओढावा तशी. भुजा मात्र आडव्या, ढिल्या. तुकडा नव्हता तो. नलिका ॲसिटोकार्मिनच्या रंगात दिसत नाहीत, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही, पण माझी खात्री आहे.

आता तुझं देणं. 2015 साली दोन गटांनी मानवी पेशींत एनडीसी80 चं टोक असं बदललं, की एकदा बसलेली नलिका सुटूच नये. मग सगळी गुणसूत्रं एकाच ध्रुवाला बांधली गेली, ताण जवळजवळ शून्य, आणि तरी चेकपॉइंट शांत झाला. म्हणजे माझं म्हणणं टिकलं. हे वाचलं तेव्हा तुला फोन करणार होतो, तुझी आई तेव्हा दवाखान्यात होती म्हणून नाही केला. पण शुक्रवारी फळ्यापुढे उभं राहिल्यावर लक्षात आलं, की तू चुकला नव्हतास. ताण नसेल तर ऑरोरा बी हे एन्झाइम त्याच एनडीसी80 वर फॉस्फेट लावून पकड ढिली करतं. नलिका सुटते, कायनेटोकोर मोकळा होतो, आणि मग "थांबा" सुरू होतं. तुझा ताण जोडणी तपासतो, माझी रिकामी जागा वेळ मिळवून देते. तुझ्या मँटिसची सुई आणि माझा लेझर एकाच साखळीच्या दोन कड्यांवर होते. टपरीवर हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही, कारण दोघांनाही जिंकायचं होतं.

मेरोटेलिक जोडणीही ऑरोरा बी पुष्कळदा सोडवतं, पण वेळ संपला की संपला, जास्त थांबा म्हणून सांगायला कुणी नसतं. त्यातही बऱ्याचदा जिकडच्या नलिका जास्त तिकडे गुणसूत्र उशिरा का होईना पोचतं. नाही पोचलं, तर त्याच्याभोवती वेगळंच छोटं केंद्रक बनतं. त्या मुलीने शेजारच्या पेशी चाळल्या. दोन पेशींत मोठ्या केंद्रकाशेजारी टाचणीच्या डोक्याएवढा गडद ठिपका सापडला. ती काही बोलली नाही, फक्त खुर्ची सोडून मला बघायला दिलं.

एवढं सगळं सांगूनही मन शांत नाही रे. तिने विचारलं म्हणून तिची वही दुरुस्त झाली. ज्यांनी विचारलं नाही, त्या सगळ्यांच्या वहीत "रांगेत उभी राहिली की" तसंच आहे. त्यातले काही आता स्वतः शिकवतात. दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत, उद्या फोन करणार आहे. बाकीच्यांचं काय करू, ते तू सांग. तुला वाटेल मी फार मनाला लावून घेतोय. सुमनला तसंच वाटतं. पण तू तीन दिवस बोलणं टाकलं होतंस, तेव्हा तू बोलू नकोस.

तुझं कसं चाललंय? मीनाचं लग्न डिसेंबरातच ना? तारीख कळव, रजा आधी टाकावी लागते. आईंना नमस्कार सांग. नवीन घराची गळती थांबली का?

आणि एक काम. मँटिसच्या पेपरची ती झेरॉक्स तुझ्याकडेच आहे, समासात तुझ्या पेन्सिलीच्या खुणा असलेली. माझ्या विरोधात जे जे लिहिलंस, तेही त्यावर आहे. त्या पानांचे फोटो बुधवारपर्यंत पाठव. गुरुवारी पुन्हा प्रॅक्टिकल आहे, आणि ती मुलगी सुईबद्दल विचारणार आहे.

तुझा,
सुधीर