पंचवीस पट बरोबर, पण कशाच्या आणि किती वर्षांसाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या अर्थ पुरवणीत लवकर रिटायर होण्यावरचा लेख वाचला. वर्षाचा खर्च काढा, त्याला 25 ने गुणा, तेवढे पैसे जमले की राजीनामा द्या, असा साधारण सूर होता. तो वाचून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा रविवारी सकाळी फोन, "मामा, माझं तर जवळपास झालंच की!" मी आयुष्यभर लोकांचे हिशोब लिहिले, त्यामुळे त्याला म्हटलं शीट पाठव, मग बोलू.

शीट अगदी सोपं होतं. वय 38, रिटायर व्हायचंय 48 ला, महिन्याचा खर्च 60 हजार म्हणजे वर्षाला 7.2 लाख, गुणिले 25 म्हणजे 1 कोटी 80 लाख. आज त्याच्याकडे पीएफ, म्युच्युअल फंड सगळं मिळून 90 लाख आहेत आणि ते 10 टक्क्यांनी वाढले तर 10 वर्षांत 2.33 कोटी होतात. म्हणजे त्याच्या मते आता एक रुपयाही टाकला नाही तरी चालेल.

पहिली गडबड 60 हजारांतच. हा आकडा त्याने आठवून लिहिलेला, किराणा, लाईट बिल, मुलीची फी, पेट्रोल वगैरे. मी त्याला बँकेचं 12 महिन्यांचं स्टेटमेंट काढायला लावलं आणि घराचा हप्ता सोडून (तो 48 च्या आत फिटतोय) बाहेर गेलेला प्रत्येक रुपया बेरजेला धरला, तर वर्षाचे 9 लाख निघाले. दातांचं काम, गणपतीत गावाला जाणं, लॅपटॉप, सोसायटीने रंगकामासाठी काढलेली वर्गणी, हे सगळं "एकदाच झालेलं" म्हणून त्याने सोडून दिलं होतं, पण दरवर्षी काही ना काही एकदाच होतंच ना. शिवाय 9 लाखांची गाडी 10 वर्षांनी बदलणार म्हणजे वर्षाला 90 हजार बाजूला काढायला हवेत. आणि मेडिक्लेम आज कंपनीचा आहे, राजीनाम्याच्या दिवशी तो जातो, स्वतःच्या फॅमिली फ्लोटरचे 60 हजार धरले. झाले साडेदहा लाख.

आता त्या 25 बद्दल, कारण लेखात तो आकडा आकाशातून पडल्यासारखा दिला होता. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये तिकडचे 1926 पासूनचे शेअर आणि सरकारी रोख्यांचे आकडे घेऊन तपासलं की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या 4 टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले तर पैसे 30 वर्षं पुरतात का. पुरत होते. 4 टक्के म्हणजेच 25 पट. पण आकडे अमेरिकेचे आणि मुदत 30 वर्षांची, म्हणजे साठीच्या आसपास रिटायर होणाऱ्या माणसाची. आमचे साहेब 48 ला घरी बसणार आणि 90 पर्यंत जगायचं धरलं तर 42 वर्षं काढायची आहेत.

हे घरच्या घरी तपासता येतं. एक्सेलमध्ये एवढंच टाका:

```
=PV(3%,42,-1,0,1)
```

यातला 3 टक्के म्हणजे टॅक्स आणि फंडाचा खर्च जाऊन महागाईच्या वर हातात उरणारा परतावा. उत्तर येतं 24.4. म्हणजे 25 पट म्हणताना आपण न बोलता कबूल करतोय की महागाईच्या वर 3 टक्के, तेही 42 वर्षं सलग मिळणार आहेत. तिथे 2 टक्के टाकलं की 28.8 येतं, 1 टाकलं की 34.5, आणि परतावा महागाईएवढाच मिळाला तर सरळ 42 पट. एका टक्क्याने खर्चाची चार ते साडेसात वर्षं इकडची तिकडे होतात, आणि लेखात या टक्क्याचा उल्लेखच नव्हता!

भाच्याचे पैसे निम्मे शेअरमध्ये आणि निम्मे एफडीसारख्या ठिकाणी राहणार. शेअरचे 11 आणि एफडीचे साडेसहा धरले तर सरासरी पावणेनऊ, महागाई 6, टॅक्स वगैरे वजा जाता 2 उरले तरी मी खूष. म्हणून 29 पट. साडेदहा लाख गुणिले 29 म्हणजे 3.05 कोटी, तेही आजच्या किमतीत. 10 वर्षांनी 6 टक्के महागाईने हाच आकडा 5.46 कोटी होतो. त्याने महागाई धरलीच नव्हती, पण वाढ मात्र पूर्ण 10 टक्क्यांनी धरली होती, ही चूक मी फार लोकांच्या शीटमध्ये बघतो. आता तफावत भरायला त्याला महिन्याला सुमारे दीड लाखाची एसआयपी लागते, आणि 10 ऐवजी 9 टक्केच मिळाले तर 1 लाख 72 हजार.

एवढं करूनही एक गोष्ट राहतेच, सरासरी बरोबर आली तरी वर्षांचा क्रम बिघडू शकतो. 2008 मध्ये सेन्सेक्स 20 हजारांवरून वर्षअखेर 10 हजारांच्याही खाली आला होता, म्हणजे निम्मे शेअर असलेल्याची पुंजी पाव टक्क्याने नाही, पाव हिश्श्याने गेली. समजा रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी उणे 25, दुसऱ्या वर्षी उणे 10 आणि मग 20 वर्षं अधिक 2 टक्के (सगळं महागाई वजा करून). 3.05 कोटींतून दरवर्षी सुरुवातीला साडेदहा लाख काढत गेलं तर 70 व्या वर्षी उरतात 21 लाख, म्हणजे दोन वर्षांचा खर्च. आता तेच परतावे उलट्या क्रमाने घ्या, आधी 20 चांगली वर्षं आणि शेवटी दोन वाईट, तर 70 व्या वर्षी 1 कोटी 15 लाख उरतात. परतावे तेच, काढलेले पैसे तेवढेच.

भाचा म्हणाला, "मग पडझड झाली तर पाच वर्षं थोडं फ्रीलान्स करीन." तेही मांडून बघितलं. दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं 4-4 लाख कमावले तर पैसे 72 ऐवजी 75 पर्यंत जातात, बस. त्यापेक्षा दुसऱ्या वर्षापासून खर्च कायमचा 20 टक्के कमी केला तर 80 पर्यंत जातात. म्हणून मी त्याला सांगितलं की त्या साडेदहा लाखांत कापता येण्यासारखे किती आहेत ते वेगळं लिही. मुलीची फी कापता येत नाही, मेडिक्लेम कापता येत नाही, गाडी आणि फिरणं येतं. त्याचे जेमतेम दीड लाख निघाले, 20 टक्के नाहीच. आता तो 48 ऐवजी 52 टाकून बघतोय, आणि बायकोशी बोलणं अजून व्हायचंय.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा पटीच्या शेजारी वर्षं किती आणि महागाईच्या वर किती टक्के धरलेत हे दोन आकडे तरी छापा.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे