स्पीड टेस्ट उत्तीर्ण, कॉल नापास: केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगलीत वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. आसपासच्या गावांतली मुले व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे उच्चार शिकतात. घरी १०० एमबीपीएसचे फायबर आहे आणि स्पीड टेस्टही ९५ च्या वर दाखवते. तरीही रात्री नऊच्या सुमारास चित्र गोठते, आवाज तुटतो. कंपनीचा माणूस येतो, स्पीड टेस्ट करतो आणि तक्रार बंद करून जातो.

स्पीड टेस्ट आणि कॉल यांची कामे वेगळी आहेत. टेस्ट बहुधा जवळच्या सर्व्हरवरून एकाच वेळी अनेक जोडण्यांनी डेटा ओढते. डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत येतो; वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते आणि शेवटी सरासरी दिसते. कॉलमध्ये आवाजाचे पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघते. ते हरवले तर पुन्हा मागवायला सहसा वेळ नसतो. फार उशिरा पोचले तरी टाकूनच द्यावे लागते. या मागेपुढे पोचण्याला जिटर म्हणतात. ‘स’चा उच्चार सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. सलग चार-पाच पॅकेट गेली, की मूल ‘स’ म्हणाले की ‘श’, हे मला कळतच नाही. एकदा तर बरोबर बोललेल्या मुलीला मी चूक ठरवले. ते अजून मनातून जात नाही.

मग दोष शोधायला बसले. वायफायची शंका नको म्हणून लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि दहा मिनिटे पिंगची ही आज्ञा चालवली; ती दर सेकंदाला गूगलच्या सर्व्हरकडे एक पॅकेट पाठवते आणि उत्तर यायला लागलेला वेळ मोजते:

```
ping -n 600 8.8.8.8
```

सकाळी ६०० पैकी एकही पॅकेट हरवले नाही, वेळ १२ ते १६ मिलिसेकंद. रात्री नऊला १८ हरवली, म्हणजे ३ टक्के, आणि वेळ १२ पासून २४० पर्यंत उड्या मारत होता. त्याच वेळी घरातल्या राउटरला पिंग केले तर शून्य गळती. मग टप्प्याटप्प्याने मोजणारे mtr चालवले. मधल्या एखाद्याच टप्प्यावर गळती दिसली तर ती खरी असेलच असे नाही, कारण काही राउटर पिंगला उत्तर देणे टाळतात. माझी गळती मात्र कंपनीच्या पहिल्या टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली. दोष घराबाहेर होता आणि फक्त गर्दीच्या वेळी दिसत होता. ही नोंद घ्यायला तक्रार अर्जात जागाच नव्हती.

२०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेगाची आहे. तिच्यात गळती आणि जिटर नाहीत. दूरसंचार नियामक ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांत पॅकेट गळती आहे, पण सगळ्या जाळ्याच्या सरासरीत माझ्या गल्लीतली रात्र बुडून जाते.

म्हणून विनंती अशी, की ग्राहकाने केबलने, गर्दीच्या वेळी घेतलेली गळतीची नोंद कंपनीने तक्रारीत स्वीकारावी, आणि त्याच वेळी पुन्हा मोजल्याशिवाय तक्रार बंद करू नये. दुपारी बाराची स्पीड टेस्ट रात्री नऊच्या तक्रारीचे उत्तर म्हणून धरू नये.

आपली,
सांगलीची एक वाचा-उपचारतज्ज्ञ