मेसच्या बिलाबद्दल

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं बिल आणि हॉस्टेलचं नियमपत्रक दोन्ही नीट वाचलं. तू बाहेर होतास त्या नऊ दिवसांचे 1,080 रुपये परत मिळायला हवे होते आणि 400च मिळाले, म्हणून तू चिडलायस. पण हिशेब त्यांचाच बरोबर आहे.

महिन्याचे 3,600 म्हणजे दिवसाचे 120. त्यातले 40 आचाऱ्यांचे पगार, वीज, भांडीकुंडी यांचे असतात. तू जेवलास न जेवलास, तो खर्च होतोच. रिबेट मिळते ती फक्त शिध्याची, दिवसाला 80. शिवाय जायचा आणि यायचा दिवस धरत नाहीत, कारण त्या दिवशी एखादं तरी जेवण मेसमध्ये होतं. तू 12ला संध्याकाळी निघालास आणि 20ला सकाळी परतलास, म्हणजे उरले 13 ते 19, सात दिवस. त्यातले दोन तू स्वतः घालवलेस. अर्ज 48 तास आधी द्यायचा असतो, कारण भाजी-दूध त्या अंदाजानेच मागवलेलं असतं. तू तो दिलास निघतानाच, म्हणून रिबेट 15पासून लागली. पाच दिवसांचे 400. 10 तारखेला दिला असतास तर 560 मिळाले असते. मॅनेजरला तोंडी सांगून ठेवलं होतंस हे खरं असेल, पण बिल रजिस्टरवरून बनतं. पुढच्या वेळी अर्जाची पोच सहीनिशी घे.

आता परवा रात्रीच्या मेसमधल्या डाळीचं, जी खाऊन तुझं पोट दुखलं. कॉलेजात असताना वर्षभर मी मेस कमिटीवर होते, म्हणून हे कळकळीने लिहितेय. ‘जेवण रोजच वाईट असतं’ अशा तक्रारी आमच्या वहीत पानंच्या पानं असायच्या आणि त्यांचं आम्हाला काहीच करता यायचं नाही. ठेकेदार म्हणायचा, बाकीचे तर जेवले. एकदा मात्र एका मुलीने ताट तसंच उचलून रात्री सव्वाआठलाच माझ्यासमोर ठेवलं. डाळीवर बारीक फेस होता, वास आंबूस. आम्ही दोघीतिघी तशाच स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात सकाळची उरलेली डाळ ताज्या डाळीत मिसळलेली निघाली. वहीत वेळ, पदार्थ आणि चौघींच्या सह्या घेतल्या, वॉर्डनना दाखवलं. करारात शिळं वाढल्यास दंड लिहिलेला होता, तो ठेकेदाराच्या बिलातून कापला गेला. तक्रार दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिली असती तर काहीच सिद्ध झालं नसतं.

मीठ कमी, भाजी तीच ती, हे मात्र त्या वहीत नको लिहूस. ते मेन्यूच्या बैठकीत मांड. दोन्ही एकाच वहीत गेलं की खराब अन्नाची तक्रारही कुरकुरीत जमा होते.

परवाच्या डाळीबद्दल अजून कुणी बोलत असेल तर त्यांना आजच भेट. कोणत्या रात्री, किती वाजता, कुणाकुणाला त्रास झाला ते लिहून कमिटीला दे. आणि तुझं पोट अजून दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. चिठ्ठी जपून ठेव, तीही त्या तक्रारीला जोडता येईल.

तुझी आई